राणीची झालर आणि यंत्राची जाळी : जुनी लेस कशी ओळखतात?

जुन्या वस्त्रावरची लेस हाताची की यंत्राची, या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : वाकडीतिकडी ती हाताची, एकसारखी ती यंत्राची. हे उत्तर मोहक असले तरी फार वेळा चुकते. कुशल कारागिणीची वीण थक्क करणारी समान असते आणि वर्षानुवर्षे धुतलेली, ओढलेली यंत्राची लेस बेढब दिसू लागते. खरा पुरावा धाग्याने घेतलेल्या वाटेत असतो. शिवाय एकाच वस्त्रावर हात आणि यंत्र दोन्ही असू शकतात. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची विवाहातली लेस हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण.

10 फेब्रुवारी 1840 रोजी झालेल्या त्या विवाहात राणीने परदेशी लेस टाळून डेव्हन परगण्यातली होनिटन लेस वापरली. समुद्रकाठच्या बीअर नावाच्या गावात आणि आसपास दोनशेहून अधिक जणींनी 1839 मध्ये अनेक महिने तिच्यावर काम केले. मरणपंथाला लागलेल्या स्थानिक हस्तकलेला आधार द्यावा, हा त्यामागचा हेतू होता. त्या लेसमधली फुले-पाने हाताची होती; ती ज्या जाळीवर टाचली होती, ती जाळी मात्र यंत्राची.

असे का झाले, हे कळण्यासाठी आधी हाताचे तंत्र समजून घ्यायला हवे. आपल्याकडचा गोफ पाहिलेल्यांना ते सहज उमगेल. गोफात नाचणारे हातातल्या दोऱ्या घेऊन एकमेकांना ओलांडतात आणि वर वेणी गुंफली जाते. होनिटन लेसमध्ये नाचणाऱ्यांच्या जागी धागा गुंडाळलेल्या लहान लाकडी फिरक्या असतात. घट्ट भरलेल्या उशीवर नक्षीचा कागद, त्यावर टाचण्या, आणि टाचण्यांभोवती फिरक्यांच्या जोड्या एकमेकींवरून नेत, पीळ देत वीण तयार होते. या पद्धतीने फूल विणता येते, तशी फुलांमधली मोकळी जाळीही विणता येते. जाळीला मात्र अपार वेळ लागे. तिची किंमत ठरवण्याची एक रीत लेसच्या जुन्या इतिहासांत सांगितली जाते : विणलेल्या तुकड्यावर शिलिंगची नाणी पसरायची; तुकडा झाकायला जितकी लागतील, तितकी त्याची किंमत.

याच जाळीवर जॉन हीथकोटची नजर गेली. हाताने विणणाऱ्या बाईचे काम आणि तिच्या विणीतले धागे त्याने बारकाईने पाहिले. त्याच्या लक्षात आले की निम्मे धागे जवळजवळ सरळ लांबीच्या दिशेने जातात आणि उरलेले त्यांना वेढे देत तिरपे सरकतात. सरळ जाणारे धागे ताण्यासारखे ताणून धरले, तर हलवायचे उरतात ते केवळ निम्मेच. 1808 आणि 1809 मध्ये त्याने पेटंट घेतलेल्या यंत्रांमागे ही कल्पना होती. 1816 मध्ये यंत्रविरोधी लुडाइट टोळीने लाफबरो येथील त्याच्या कारखान्यातली 55 यंत्रे फोडली. त्यानंतर त्याने आपला व्यवसाय टिव्हर्टनला नेला. टिव्हर्टन डेव्हनमध्येच, होनिटनपासून फार दूर नाही. ज्या परगण्यातल्या स्त्रिया हाताने जाळी विणत, तिथेच यंत्राच्या जाळीचा कारखाना उभा राहिला. जाळीचे काम त्यांच्या हातून गेले आणि त्यांच्याकडे उरली ती सुटी फुले-पाने. या कलेला वाचवू पाहणारी शाही मागणीदेखील यंत्राच्या जाळीवरच पेलली गेली, हा इतिहासातला कडवट विनोद म्हणावा लागेल.

आता अशी एखादी झालर समोर आहे, असे समजू. ती काळ्या कापडावर अलगद पसरावी, ओढू नये, आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. प्रथम जाळी पाहावी. हीथकोटच्या जाळीत प्रत्येक घर षटकोनी असते आणि त्याच्या बाजूंना केवळ पीळ दिसतो. वेणी कुठेच दिसत नाही. ब्रसेल्सच्या हाताने विणलेल्या जाळीतही घरे षटकोनीच, पण त्यातल्या दोन समोरासमोरच्या बाजू चार धाग्यांच्या बारीक वेणीने बनलेल्या असतात. शिवाय ती जाळी अरुंद पट्ट्यांत विणून नंतर नकळत जोडलेली असते. झालरीची जाळी सर्वत्र निव्वळ पिळाची आणि सलग रुंद असेल, तर ती यंत्राची. अशी जाळी 1809 च्या आधीच्या झग्यावर मूळची असू शकत नाही. याआधीही यंत्राची जाळी होती, परंतु ती मोजे विणायच्या यंत्रावरची, फाशांची. तिचा एक फासा सुटला की ओळच्या ओळ उसवते.

मग फुलाकडे वळावे. पाकळीच्या भरीव भागात धागे साध्या कापडासारखे एक वर, एक खाली जात असतील आणि पाकळी वळते तिथे तेही वळत असतील, तर ते हाताचे काम. सगळे काम यंत्राचे असते तेव्हा चित्र वेगळे दिसते. नॉटिंगहॅमच्या लीव्हर्स यंत्राला छिद्रांकित पुठ्ठ्यांची जकार्ड योजना जोडली गेल्यावर त्यावर नक्षीदार लेस निघू लागली; तिच्या भरीव भागात मात्र उभ्या बारीक सऱ्या उमटतात. पाकळी कुठेही झुको, सऱ्या एकाच दिशेने धावतात. नक्षीचा जाड धागा एका फुलावरून दुसऱ्यावर मोकळा जाई आणि नंतर कापला जाई. त्याची तोकडी, केसाळ टोके फुलाच्या कडेला राहतात.

गाठींचा पुरावा त्यामानाने दुबळा. होनिटनचे फूल उलट्या बाजूने विणले जाते आणि ते पूर्ण झाले की जोड्या बांधून धागे कापतात. म्हणून मागच्या बाजूला, फूल जिथे संपते तिथे, इवल्या गाठी सापडतात. त्या सापडल्या तर उत्तम. पण तुटलेला धागा यंत्राच्या लेसमध्येही गाठ मारूनच जोडला जाई. तेव्हा गाठ आहे यापेक्षा ती कुठे आहे, हे महत्त्वाचे. धाग्याचेही तसेच. जुनी युरोपीय हाताची लेस बहुतांशी लिननची, म्हणजे जवसाच्या खोडातल्या तंतूंची असे, तर यंत्राची बहुधा सुती. तरी एकोणिसाव्या शतकात हाताने विणणाऱ्यांनीही सुती धागा जवळ केला. त्यामुळे सुती धागा दिसला म्हणून लेस यंत्राची ठरत नाही.

सुईने केलेल्या लेसबाबत काम सोपे आहे, कारण ती काजाच्या टाक्यांवर टाके रचून बनते आणि लेसच्या यंत्रांना तो टाका घालता येत नसे. रेशमी कापडावर यंत्राने भरतकाम करून मग कापड रसायनाने विरघळवण्याची युक्ती 1880 च्या दशकात निघाली. तिने व्हेनिसच्या सुईच्या लेसची हुबेहूब नक्कल केली, पण भिंगाखाली काजाच्या टाक्यांऐवजी गुंतागुंतीचे मागेपुढे जाणारे धागे दिसतात.

खरी पंचाईत एकाच ठिकाणी होते. जर्मनीतल्या बार्मेन शहराचे नाव मिळालेले यंत्र फिरक्या वर्तुळात फिरवते आणि अक्षरशः गोफच विणते. त्याच्या अरुंद पट्ट्यांमध्ये धाग्याची वाट हाताच्या विणीसारखीच असते, म्हणून वर सांगितलेल्या कसोट्या तिथे फारशा चालत नाहीत. अशा वेळी मात्र नियमितपणाकडे पुन्हा वळावे लागते, तेही चुकांच्या अंगाने. नक्षीची एक पुनरावृत्ती निवडून तिच्यातली एखादी खोट हेरावी आणि पुढच्या दहा पुनरावृत्त्यांत तीच जागा पाहावी. हाताची चूक एकदा घडते, फार तर पुढे वेगळ्याच जागी घडते. यंत्राच्या मांडणीतली चूक मात्र दर पुनरावृत्तीला, त्याच घरात, त्याच धाग्यावर परत येते.