वीजबिलाचा अंदाज आणि सौर छताचा परतफेड काळ

महिन्याला किती युनिट जळतात हे कळले की बिल किती येईल ते आधीच काढता येते. या हिशेबाला वीजबिलाचा अंदाज म्हणतात. छतावर सौर पॅनेल बसवण्याचा खर्च बिलातल्या बचतीतून किती वर्षांत भरून निघतो, तो परतफेड काळ. हे दोन हिशेब सहसा वेगवेगळे मांडले जातात. पण दुसरा हिशेब पहिल्याच्या पोटातून निघतो आणि पहिला ढोबळ झाला की दुसरा हमखास चुकतो. महाराष्ट्रातील घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. त्यामुळे पॅनेलने वाचवलेल्या प्रत्येक युनिटची किंमत सारखी नसते, आणि सरासरी दराने काढलेला परतफेड काळ ग्राहकाची दिशाभूल करतो. ही नोंद महावितरणच्या २०२४-२५ या वर्षाच्या घरगुती दरांवर आधारलेली आहे. दर नंतर बदलले असले तरी हिशेबाची रीत तीच राहते.

बिलाचे मुख्य घटक पाच आहेत. स्थिर आकार हा जोडणीचा मासिक आकार असून एक युनिटही वापरले नाही तरी तो द्यावा लागतो. सिंगल फेज घराला तो १२८ रुपये होता. वीज आकार टप्प्यांनुसार लागतो : पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत १०.२९, ३०१ ते ५०० पर्यंत १४.५५ आणि त्यापुढे १६.६४. वहन आकार प्रत्येक युनिटला सरसकट १.१७ रुपये होता. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून अंदाजात तो बाजूला ठेवावा. या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क लागते. इथे एक गैरसमज फार रूढ आहे. ‘३०० ओलांडले की सगळे बिल वरच्या दराने लागते’ असे लोक म्हणतात, पण तसे होत नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो आणि खालची युनिटे आपापल्या टप्प्यातच राहतात. ३०१ वे युनिट स्वतःपुरतेच महाग असते.

महिन्याला ३२० युनिट वापरणारे घर घेऊ. पहिल्या शंभराचे ४७१ रुपये, पुढच्या दोनशेचे २,०५८ आणि उरलेल्या वीस युनिटांचे २९१, म्हणजे वीज आकार २,८२० रुपये. वहन आकाराचे ३७४ आणि स्थिर आकाराचे १२८ मिळवून बेरीज ३,३२२ होते. त्यावर वीज शुल्क ५३२ रुपये धरले की बिल सुमारे ३,८५४ रुपयांवर जाते. याला ३२० ने भागले की सरासरी युनिट १२ रुपये ४ पैशांना पडते. मात्र या घरात या दराने कोणतेही युनिट मिळत नाही. वहन आकार आणि शुल्क धरून पहिल्या टप्प्यातले युनिट ६.८२ रुपयांना पडते, दुसऱ्यातले १३.२९ ला आणि तिसऱ्यातले १८.२४ ला. सरासरी ही केवळ भागाकाराची निष्पत्ती आहे.

सरासरी आणखी एका ठिकाणी फसवते. टप्पे महिन्याचे असतात, वर्षाचे नसतात. हेच घर मे महिन्यात पंखे-कूलर-एसीमुळे ५०० युनिटांवर गेले आणि डिसेंबरात १४० वर आले, तर दोन महिन्यांची सरासरी ३२०च येते. पण मेचे बिल सुमारे ७,१३६ आणि डिसेंबरचे १,३६२ रुपये होते, म्हणजे महिन्याला सरासरी ४,२४९. सरासरी वापरावरून काढलेल्या बिलापेक्षा हे जवळजवळ चारशे रुपयांनी जास्त आहे. म्हणून अंदाज बारा महिन्यांच्या बारा नोंदींवरून करावा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो इथे कामी येतो. वाचन किती दिवसांचे आहे, हेही पाहावे. मीटर उशिरा वाचला गेला आणि बिल चाळीस दिवसांचे आले, तर टप्पेही त्या प्रमाणात रुंद धरले जायला हवेत. १०० च्या जागी सुमारे १३३ युनिटे पहिल्या टप्प्यात बसली नसतील, तर बिल दुरुस्त करून मागायला आधार आहे.

आता पॅनेल. निरभ्र दिवशी एक किलोवॉटची यंत्रणा सुमारे चार युनिट देते. पावसाळा, धूळ आणि थोडी सावली गृहीत धरून इथे महिन्याला सरासरी ११० युनिट धरली आहेत. नेट मीटरिंगमध्ये घराबाहेर पाठवलेली युनिटे घरात घेतलेल्या युनिटांतून वजा होतात, आणि बिल उरलेल्या निव्वळ युनिटांवर लागते. म्हणजे पॅनेल नेहमी वरच्या टोकापासून युनिटे खात खाली येते. सगळा हिशेब या गोष्टीवर उभा आहे. आपल्या ३२० युनिटांच्या घरात पहिला किलोवॉट तिसऱ्या टप्प्यातली २० आणि दुसऱ्यातली ९० युनिटे खातो, आणि महिन्याला १,५६१ रुपये वाचतात. दुसरा किलोवॉट दुसऱ्या टप्प्यातलीच ११० युनिटे खातो आणि १,४६२ वाचवतो. तिसऱ्याच्या वाट्याला उरतात ती स्वस्तातली शंभर युनिटे. त्याची बचत ६८२ रुपये, म्हणजे दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि दहा युनिटे शिल्लक पडतात. छत तेच, पॅनेल तेच, ऊनही तेच. फरक फक्त कोणती युनिटे हटली, याचा आहे.

खर्चाच्या बाजूला केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान धरावे लागते. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या या योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. तीन किलोवॉट व त्यापुढे अनुदान ७८,००० वर थांबते. बाजारभाव गावानुसार आणि पॅनेलनुसार बदलतो. इथे उदाहरणासाठी एक किलोवॉटला ७०,०००, दोनला १,३०,००० आणि तीनला १,८५,००० रुपये धरू. अनुदान वजा जाता पहिला किलोवॉट ४०,००० ला पडतो आणि दोन वर्षांहून थोड्या अधिक काळात फिटतो. दुसऱ्याचे वाढीव ३०,००० सुमारे वीस महिन्यांत वसूल होतात, कारण उभारणी, तारा, मीटर यांचा बराचसा खर्च पहिल्याने आधीच उचललेला असतो. तिसऱ्याचे वाढीव ३७,००० वसूल व्हायला मात्र साडेचार वर्षे लागतात. तिन्ही एकत्र धरले, तर १,०७,००० रुपये दोन वर्षे पाच महिन्यांत भरून निघतात, आणि हा एकच आकडा ग्राहकापुढे ठेवला जातो. तो खोटा नाही, पण पहिल्या दोन किलोवॉटांच्या कमाईत तिसऱ्याची संथ परतफेड त्यात दडून जाते.

सरासरी दराचा हिशेब चुकतो हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. तीन किलोवॉटची ३३० युनिटे गुणिले १२.०४ केले की महिन्याची बचत ३,९७३ रुपये येते. मूळ बिलच ३,८५४ रुपयांचे होते! बचत बिलापेक्षा मोठी दिसली, की हिशेबात स्थिर आकारही वाचला असे धरले गेले आहे, हे नक्की. स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क मिळून १४८ रुपये पॅनेल लावूनही दरमहा येतच राहतात. त्यामुळे या घरात बचतीची कमाल ३,७०५ रुपये आहे. लहान ग्राहकाच्या बाबतीत ही चूक जास्त बोचते. १०० युनिटांच्या घराचे बिल ८३१ रुपये, सरासरी ८.३१. त्या दराने एक किलोवॉटची परतफेड पावणेचार वर्षांच्या आत दिसते. प्रत्यक्षात वाचणारे युनिट ६.८२ चे आहे आणि तेही शंभरच, म्हणून परतफेडीला जवळजवळ पाच वर्षे लागतात. शिवाय यंत्रणा मंजूर भारापेक्षा मोठी असेल तर भार वाढवून घ्यावा लागतो. त्यात जोडणी थ्री फेज झाली, तर स्थिर आकार तिपटीहून अधिक होतो. हा खर्च परतफेडीच्या कागदावर बहुधा नसतोच.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की साडेचार वर्षे म्हणजे वाईट नाहीत. ३७,००० वर वर्षाला ८,१८५ रुपये कोणती बँक देते? आक्षेप खरा आहे. तिसरा किलोवॉट घेऊच नये, असे या हिशेबातून निघत नाही. पॅनेलच्या कामगिरीची हमी साधारणतः पंचवीस वर्षांची असते, त्यामुळे उशिरा फिटणारी भरही पुढे कमावते. निघते ते एवढेच, की प्रत्येक वाढीव किलोवॉटचा काळ वेगळा मांडून मग निर्णय घ्यावा. चौथ्या किलोवॉटला अनुदान नाही आणि या घरात त्याने खायला युनिटेही उरलेली नाहीत. तिथे उत्तर सरळ ‘नको’ असे येते.

दुसरा आक्षेप वापर वाढण्याचा. उद्या एसी येईल, विजेवरची स्कूटर येईल. तसे होणार असेल तर चित्र खरोखर पालटते. वापर ४३० युनिटांवर गेला, की तिसऱ्या किलोवॉटपुढे दुसऱ्या टप्प्यातली ११० युनिटे येतात आणि त्याची परतफेड साडेचारवरून साधारण दोन वर्षांवर येते. पण ही वाढ ठरलेली असावी, नुसती आशेवर नसावी. तिसरा आक्षेप व्याजाचा : पैसे ठेवीत असते तर वाढले असते. दोन किलोवॉटचे ७०,००० सात टक्क्यांनी वर्षाला ४,९०० देतात. ते ३६,२८१ च्या वार्षिक बचतीतून वजा केले तरी काळ दोन वर्षांवरून सव्वादोनवर जातो, एवढेच. काळ लहान असला की व्याज आणि पॅनेलची हळूहळू होणारी झीज या गोष्टी निर्णय बदलत नाहीत. तो पाच-सात वर्षांचा झाला, की त्या जड होतात. त्याहून लांबला, तर मधेच इन्व्हर्टर बदलण्याचा खर्चही धरायला हवा.

शिल्लक युनिटांचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९च्या विनियमांनुसार एका महिन्याची जादा युनिटे पुढच्या महिन्यात ओढली जातात. ३१ मार्चला मात्र खाते मिटते आणि उरलेली युनिटे वितरण कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने घेते. हा दर वरच्या टप्प्यांतल्या दरांपेक्षा बराच कमी असतो. आपल्याकडे डिसेंबर ते मार्च ऊन स्वच्छ आणि वापर कमी, म्हणून शिल्लक साठते ती नेमकी याच महिन्यांत. ती एप्रिल-मेच्या तापात, तेरा-अठरा रुपयांच्या युनिटांविरुद्ध वापरता आली असती, पण त्या महिन्यांच्या तोंडावरच वर्ष संपते. म्हणून यंत्रणेचा आकार मेच्या बिलावरून ठरवू नये. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांच्या वापराची बेरीज करावी, त्याच महिन्यांतल्या अपेक्षित उत्पादनाशी ताडावी, आणि ३१ मार्चला किती युनिटे उरतील ते पाहावे. ती शंभराच्या आत असतील तर आकार बरोबर आहे. पाचशेवर जात असतील, तर एक किलोवॉट जास्त झाला.