शंटची किंमत आणि ऑफसेटची चूक

लोड आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडलेला शंट १० मिलिओहमचा आहे असे धरू. ५ अँपिअरला त्यावर ५० मिलिव्होल्ट मिळतात आणि उष्णता जेमतेम पाव वॅट होते. पण अ‍ॅम्प्लिफायरचा ऑफसेट ३ मिलिव्होल्ट असेल, तर प्रवाह ०.३ अँपिअरने चुकतो. अर्ध्या अँपिअरला ही चूक ६० टक्के ठरते. शंट दहापट केला तर चूक दहापट घटते, मात्र ५ अँपिअरला अडीच वॅट उष्णता होते आणि लोडचा ग्राउंड अर्धा व्होल्ट वर उचलला जातो. त्यापेक्षा लोड बंद असतानाचे रीडिंग प्रत्येक मापनातून वजा करावे. फक्त धन पुरवठ्यावर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा ऋण ऑफसेट शून्यापाशीच दडून राहतो. तो या वजाबाकीत सापडत नाही.