पॅकिंग लाइनच्या एका स्टेपची वर्क इन्स्ट्रक्शन मोबाइलने कशी बनवायची?

वर्क इन्स्ट्रक्शन म्हणजे एकच काम कसं करायचं आणि ते बरोबर झालं की नाही हे कसं ओळखायचं, हे सांगणारं एक पान. हर्सूलमधल्या एका छोट्या मसाला युनिटसाठी मी असं पान बनवलं होतं. काम होतं बँड सीलरवर 200 ग्रॅमचं पाउच सील करणं. तेच उदाहरण इथे घेऊया.

आधी तिथे भिंतीवर 'सील नीट करा' एवढंच लिहिलं होतं. पण 'नीट' म्हणजे काय, हे प्रत्येक जण वेगळं ठरवतो. म्हणून कृती अशी लिहिली:

1. पाउचच्या तोंडाची आतली बाजू स्वच्छ, कोरड्या कपड्याने पुसा.
2. तोंड दोन्ही हातांनी ताणून, सपाट धरून मशीनमध्ये द्या.
3. बाहेर आलेलं पाउच 10 सेकंद थंड होऊ द्या, मग तपासा. गरम सील कच्चं असतं, लगेच दाबलं तर चांगलं सीलही सुटू शकतं.

पास की फेल?

- सीलची पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड आहे का? नसेल तर फेल.
- पट्टीत मसाल्याची पूड, सुरकुती किंवा जळलेला डाग आहे का? असेल तर फेल.
- दोन्ही तळव्यांनी 5 सेकंद दाबल्यावर हवा निघते का? निघाली तर फेल.

फेल पाउच लाल क्रेटमध्ये टाका. त्यावर पुन्हा सील मारू नका, कारण अडकलेली पूड तिथेच राहते. लागोपाठ 3 फेल आले तर मशीन थांबवून सुपरवायझरला बोलवा.

अगदी बारीक छिद्र हाताने दाबून कळत नाही. त्यासाठी शिफ्टच्या सुरुवातीला एक पाउच पाण्यात बुडवून दाबायचं. बुडबुडे आले तर फेल.

फोटो कसे काढायचे?

पाउच चकचकीत असतं, त्यामुळे फ्लॅश मारला की पट्टी पांढरी दिसते आणि पूड लपते. फ्लॅश बंद ठेवा आणि उजेड बाजूने येऊ द्या. पोर्ट्रेट मोड वापरू नका, तो कडा धूसर करतो. फोन फार जवळ नेण्यापेक्षा थोडं मागे सरकून 2x झूम करा. प्रत्येक चेकसाठी पास आणि फेल असे दोन फोटो एकाच अंतरावरून, एकाच कोनातून काढून शेजारी-शेजारी लावा आणि दोषावर बाण काढा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोची क्वालिटी कमी होते.

पान लावण्याआधी एक चाचणी घ्या. 5 चांगली आणि 5 खराब पाउच मिसळून दोन कामगारांना वेगवेगळी तपासायला द्या. एखाद्या पाउचवर दोघांचं उत्तर वेगळं आलं, तर तो चेक पुन्हा लिहा किंवा फोटो बदला.

पानावर तारीख आणि व्हर्जन टाका. पाउचचं मटेरियल बदललं तर मशीनचं तापमान पुन्हा ठरवावं लागतं, आणि सील वेगळं दिसत असल्यामुळे फोटोही नवीन लागतात. तेव्हा जुनं पान भिंतीवरून काढून टाका.