खात्यातला व्यवहार अर्धवट का राहत नाही?

डहाणू तालुक्यातील आशागडचा एखादा मजूर घोलवडच्या चिकूवाडीत काम करतो आणि बागमालक त्याची ३,००० रुपये मजुरी थेट बँक खात्यात जमा करतो, असे समजा. दोघांची खाती एकाच बँकेत आहेत. मालकाच्या खात्यात १२,००० रुपये आहेत, मजुराच्या खात्यात ८००. बँकेच्या संगणकाला दोन नोंदी बदलाव्या लागतात: १२,००० च्या जागी ९,००० आणि ८०० च्या जागी ३,८००. पहिली नोंद बदलली आणि त्याच क्षणी यंत्र बंद पडले, तर ती मजुरी कोणाच्याच खात्यात उरणार नाही.

हे टाळण्यासाठी डेटाबेस अशा सर्व नोंदी एका ‘व्यवहारा’त, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये बांधतो. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये या संकल्पनेची मांडणी केली. १९८३ मध्ये थिओ हार्डर आणि आंद्रेआस रॉयटर या जर्मन संशोधकांनी व्यवहाराच्या चार गुणधर्मांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘अ‍ॅसिड’ हे नाव रूढ केले. अविभाज्यता, सुसंगती, विलगता आणि स्थायित्व हे ते चार गुणधर्म होत.

आधी रोजकीर्द, मग खतावणी

अविभाज्यता म्हणजे व्यवहार पूर्ण होईल, नाहीतर मुळीच होणार नाही. ती साधण्याची रीत आपल्या पेढ्यांना अपरिचित नाही. मुनीम जसा आधी रोजकीर्दीत लिहितो आणि मग खतावणी करतो, तसाच डेटाबेसही प्रत्येक बदल आधी ‘लॉग’ नावाच्या नोंदवहीत उतरवतो. तेथे जुनी रक्कम आणि नवी रक्कम दोन्ही असतात. सर्व बदल लिहून झाले की शेवटी ‘कमिट’ असा शेरा पडतो. बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू झाले की प्रथम ही वही तपासली जाते. शेरा नसेल तर मालकाच्या खात्यात पुन्हा १२,००० रुपये लिहिले जातात. शेरा असेल आणि खात्यातील बदल राहून गेला असेल, तर तो पुरा केला जातो.

स्थायित्वही याच वहीवर अवलंबून असते. कमिटचा शेरा डिस्कवर कायमचा उमटल्यानंतरच ‘व्यवहार यशस्वी’ असा निरोप द्यायचा, हा नियम आहे. शेरा केवळ स्मृतीत असताना निरोप गेला, तर वीज जाताच तो खोटा ठरेल. अर्थात डिस्कच निकामी झाली, तर दुसरीकडे ठेवलेली प्रतच उपयोगी पडते.

बेरीज आणि गर्दी

दोन्ही खात्यांची बेरीज व्यवहारापूर्वी १२,८०० होती, नंतरही तितकीच हवी; शिल्लक शून्याखाली जाता कामा नये. असे नियम पाळले जाणे ही सुसंगती. मात्र डेटाबेस त्याला सांगितलेलेच नियम तपासतो. आज्ञावलीने चुकून भलत्याच खात्यात पैसे टाकले, तरी बेरीज जुळतेच.

विलगतेची कसोटी गर्दीत लागते. मजुरी वळती होत असतानाच मालकाच्या खात्यातून १,००० रुपयांचे वीजबिल जाऊ लागले. दोन्ही आज्ञावलींनी शिल्लक १२,००० अशी वाचली. पहिलीने ९,००० लिहिले, दुसरीने त्यावर ११,००० लिहिले. खरी शिल्लक ८,००० हवी होती. मजुरीची वजावट पुसली गेली आणि कोठेही त्रुटीचा संदेश दिसला नाही. ती चूक दिवसाअखेरीचा ताळेबंद न जुळल्यावरच कळते. उपाय असा की पहिल्या व्यवहाराने नोंदीला कुलूप लावावे आणि दुसऱ्याने ते उघडेपर्यंत थांबावे. थांबण्यात वेळ जातो, म्हणून अनेक प्रचलित डेटाबेस सर्वांत कडक विलगता आपणहून देत नाहीत. ती मागावी लागते.

हमीची सीमा

हे चारही गुण डेटाबेसच्या आतच लागू होतात. मजूर एटीएमवर पैसे काढायला गेला, की खात्यातील नोंद बँकेच्या डेटाबेसमध्ये असते, पण नोटा यंत्राच्या पेटीत असतात. खात्यातून रक्कम वजा झाली आणि नोटा अडकल्या, तर कोणतीही लॉगवही त्या नोटा बाहेर ढकलू शकत नाही. अशा वेळी उलट नोंद करून रक्कम परत जमा करणे एवढाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी यंत्रातील रोकड व नोंदी यांचा मेळ घालावा लागतो.

म्हणूनच येथे नियमाचा आधार घ्यावा लागला. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार बँकेने अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत स्वतःहून परत करावयाची असते. उशीर झाल्यास प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. खात्यातून रक्कम गेल्याचा संदेश आला, पण नोटा हाती आल्या नाहीत, तर यंत्राची पावती आणि तो संदेश जपून ठेवणे इष्ट.