टीएलबीचं सूत्र आणि व्हॅक्सवर मोजलेला मिस

गेट किंवा नेटची तयारी करताना ईएमएटीचं, म्हणजे इफेक्टिव्ह मेमरी ॲक्सेस टाइमचं गणित सगळ्यांनीच सोडवलेलं असतं. टीएलबीला लागणारा वेळ, मेमरीला लागणारा वेळ आणि हिट रेशो दिलेला असतो, सरासरी काढायची. सूत्र असं:

```
EMAT = h(t + m) + (1 - h)(t + km + m)
```

h म्हणजे हिट रेशो, t टीएलबी शोधायचा वेळ, m मेमरीच्या एका फेरीचा वेळ आणि k म्हणजे पेज टेबलच्या पातळ्या. सूत्र बरोबरच आहे. पण त्यातला `km` हा तुकडा बघा. टीएलबीत पत्ता सापडला नाही तर जी किंमत पडते, ती सगळी मेमरीच्या फेऱ्यांची आहे असं तो गृहीत धरतो. हे गृहीतक एका विशिष्ट काळातल्या यंत्रांना चपखल बसतं, आणि पुढे वीसेक वर्षांत ते कसं सुटलं हे कळलं की रिसर्च पेपरमधले आकडे वाचणं सोपं जातं.

तो काळ म्हणजे १९६० चं दशक. आयबीएमने १९६५ मध्ये सिस्टम/३६० मॉडेल ६७ जाहीर केलं. त्यात पत्त्याचं भाषांतर सेगमेंट टेबल आणि पेज टेबल अशा दोन पातळ्यांवर व्हायचं आणि दोन्ही टेबलं कोअर मेमरीत असायची. म्हणजे एक शब्द वाचायला तीन फेऱ्या. म्हणून अलीकडे वापरलेल्या पानांचे पत्ते लक्षात ठेवणारी आठ असोसिएटिव्ह रजिस्टरं दिली होती. टीएलबी हे नाव नंतरचं, पण काम तेच. पान ४ केबीचं, म्हणजे आठ रजिस्टरांच्या आवाक्यात एका वेळी ३२ केबी.

कोअर मेमरीची सायकल ७५० नॅनोसेकंदांची होती. रजिस्टरं तपासायला १५० धरू. हिट झाला तर ९०० नॅनोसेकंद, मिस झाला तर १५० + १५०० + ७५० = २४००. हिट रेशो ०.९० असेल तर सरासरी १०५० येते, ०.९८ असेल तर ९३०. रजिस्टरं नसतीच तर प्रत्येक वेळी २२५० लागले असते. गंमत म्हणून हेही काढून बघा: रजिस्टरं ठेवणं नेमकं कधी परवडतं? दोन्ही बाजू समान मांडल्या की h = t/km येतं, म्हणजे १५०/१५०० = ०.१०. दहातला एक जरी पत्ता सापडला तरी खर्च निघाला! इथे `km` खरोखरच मेमरीच्या फेऱ्या आहेत, कारण या यंत्रात कॅश नव्हती. प्रत्येक टेबल वाचायला कोअरपर्यंत जावंच लागायचं.

आता डेकच्या व्हॅक्स-११/७८० कडे या. हे यंत्र १९७७ चं. यात टीएलबीला ट्रान्सलेशन बफर म्हणत आणि त्यात १२८ नोंदी होत्या, पण अर्ध्या ऑपरेटिंग सिस्टमच्या पत्त्यांसाठी राखीव आणि अर्ध्या चालू प्रोसेससाठी. पान फक्त ५१२ बाइटचं. म्हणजे प्रोसेसच्या वाट्याचा आवाका ६४ × ५१२, पुन्हा ३२ केबीच! नोंदी आठपट, पान एक-अष्टमांश. नुसती नोंदींची संख्या वाचून टीएलबी मोठा म्हणायचा नाही, तो याचसाठी.

व्हॅक्समध्ये दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक म्हणजे ८ केबीची कॅश आली होती, त्यामुळे पेज टेबलची नोंद बऱ्याचदा कॅशमध्येच सापडायची. दुसरी, मिस झाला की मायक्रोकोडचं एक रूटीन चालायचं. ते पत्त्याचे तुकडे करायचं, मर्यादा तपासायचं, नोंद आणायचं आणि बफरमध्ये भरायचं. त्यातच एक मेख होती: प्रोसेसचं पेज टेबल स्वतःच सिस्टमच्या व्हर्च्युअल पत्त्यांवर असायचं. म्हणजे नोंद आणायला निघालो तर त्या नोंदीच्या पत्त्याचंही भाषांतर लागायचं, आणि तोही बफरमध्ये नसेल तर मिसच्या पोटात दुसरा मिस.

मग मिसची किंमत नेमकी किती? हे कागदावर ठरवता येत नाही, मोजावं लागतं. डेकच्या जोएल एमर आणि डग्लस क्लार्क यांनी ते मोजलं आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांची युक्ती मला फार आवडते. त्यांनी यंत्राला एक हार्डवेअर मॉनिटर जोडला. मायक्रोकोडच्या प्रत्येक पत्त्यासाठी त्यात एक मोजणी: या पत्त्यावर यंत्राने किती सायकली काढल्या, आणि त्यातल्या किती नुसत्या थांबून काढल्या. मिसचं रूटीन कुठल्या पत्त्यांवर आहे हे माहीतच होतं. त्याच्या पहिल्या पत्त्याची मोजणी म्हणजे मिसची संख्या, सगळ्या पत्त्यांची बेरीज म्हणजे मिसवर गेलेला वेळ. चालणाऱ्या प्रोग्रामला याचा पत्ताही लागत नाही, त्यामुळे मोजमापाने यंत्र मंदावत नाही.

टाइमशेअरिंगच्या कामांवर सरासरी आली ती अशी: दर सूचनेमागे ०.०२९ मिस, म्हणजे साधारण ३४ सूचनांमागे एक. प्रत्येक मिसला २१.६ सायकली. सायकल २०० नॅनोसेकंदांची, म्हणजे ४.३ मायक्रोसेकंद. आणि एक सरासरी सूचना १०.६ सायकलींची, तेव्हा एक मिस म्हणजे दोन सूचनांचा वेळ. गुणाकार केला की ०.०२९ × २१.६ = ०.६३ सायकली, एकूण वेळेच्या सुमारे सहा टक्के.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच आकडा. त्या २१.६ पैकी मेमरीची वाट बघण्यात गेल्या फक्त ३.५ सायकली. उरलेल्या अठरा मायक्रोकोडच्या स्वतःच्या कामात. सूत्रातला `km` जो खर्च सांगतो, तो इथे मिसच्या किमतीचा जेमतेम सहावा हिस्सा आहे! कोणी सूत्रात मेमरीची गती घालून व्हॅक्सचा ईएमएटी काढला असता, तर गणित चुकलं नसतं, पण उत्तर मात्र यंत्राशी जुळलं नसतं. आणि नुसती मेमरी वेगवान करून हा खर्च फारसा कमी झाला नसता, हेही त्यावरून दिसतं.

त्यांनी हिट रेशोऐवजी दर सूचनेमागे मिस का दिले, हेही लक्षात घ्या. हिट रेशो कशाचा, हा प्रश्न उरतोच: सूचना आणायच्या ॲक्सेसचा की डेटाच्या, की दोन्हींचा? सूचनेमागे मोजलं की आकडा थेट सूचनेच्या सायकलींमध्ये मिळवता येतो. पेपर वाचताना छेद काय आहे ते आधी बघायची सवय लावा.

आणखी एक गोष्ट परीक्षेच्या गणितात येत नाही. h हा हार्डवेअरचा स्थिरांक नाही. व्हॅक्सवर प्रोसेस बदलली की बफरचा प्रोसेसचा अर्धा भाग पुसला जायचा, कारण नोंद कोणत्या प्रोसेसची हे लिहायला जागाच नव्हती. नव्या प्रोसेसची सुरुवात मिसनेच. सिस्टमचा अर्धा भाग मात्र शाबूत राहायचा. वाटणी केली होती ती याच कारणाने. एकटा प्रोग्राम चालवून काढलेला हिट रेशो म्हणूनच टाइमशेअरिंगच्या यंत्राला लागू पडत नाही. क्लार्क आणि एमर यांनी १९८५ च्या पुढच्या पेपरात हे पुसणं किती वेळा होतं तेही मोजलं, आणि अर्धा बफर बंद ठेवून यंत्र चालवून पाहिलं.

पुढच्या पिढीत मिप्स आर२००० च्या ६४ नोंदींच्या टीएलबीत प्रत्येक नोंदीसोबत प्रोसेसचा सहा बिटांचा क्रमांक आला, त्यामुळे दर वेळी पुसायची गरज राहिली नाही. मिस हाताळायचं काम मात्र तिथे मायक्रोकोडकडून ऑपरेटिंग सिस्टमकडे गेलं. `(1 - h)` ला कशाने गुणायचं, हे त्या यंत्रावर कर्नलमधलं ते छोटं रूटीन किती सूचनांचं लिहिलंय आणि त्या सूचना कॅशमध्ये आहेत का, यावर ठरू लागलं.