विचलन आणि विलंब: प्रत्याभरणाचे प्राथमिक विवेचन

एखादी राशी ठरवलेल्या मूल्यावर राखणे म्हणजे नियंत्रण. जी राखायची ती नियंत्रित राशी आणि ठरवलेले मूल्य ते इष्ट मूल्य. इष्ट मूल्यातून प्रत्यक्ष मोजलेले मूल्य वजा केले की जे उरते त्याला विचलन म्हणू. या चर्चेत दोन नियंत्रित राशी घेतल्या आहेत: खोलीचे तापमान आणि सायकलचा कल.

नियंत्रणाचे दोन प्रकार होतात. पहिल्यात कृती आधीच ठरलेली असते आणि परिणामाकडे पाहिले जात नाही. हीटर अर्धा तास चालवून बंद करणे हे त्याचे उदाहरण. याला विवृत नियंत्रण म्हणावे. दुसऱ्यात परिणाम मोजला जातो, विचलन काढले जाते आणि पुढची कृती त्या विचलनावरून ठरते. परिणामाने अशा रीतीने कारणाकडे परत येणे म्हणजे प्रत्याभरण, रोजच्या बोलण्यातला फीडबॅक. कृती विचलन कमी करणारी असेल तर प्रत्याभरण ऋण आणि वाढवणारी असेल तर धन. थर्मोस्टॅटची क्रिया उलट झाली आणि खोली तापल्यावरच हीटर सुरू होऊ लागला, तर सगळे भाग तेच राहूनही केवळ चिन्ह बदलल्यामुळे नियंत्रण संपते.

आता राजूरमधील हिवाळ्याच्या रात्रीची एक खोली घेऊ. हिशेबासाठी बाहेरचे तापमान 10 अंश आणि इष्ट मूल्य 20 अंश धरू. हीटर 2000 वॅटचा आहे. आतबाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंश फरकामागे खोली 100 वॅट उष्णता गमावते, आणि तिचे तापमान एक अंशाने वाढवायला 3,60,000 जूल लागतात. 20 अंशांवर खोली 1000 वॅट गमावत असते. म्हणून हीटर चालू असताना 1000 वॅट शिल्लक राहतात आणि तापमान साधारण 6 मिनिटांत एक अंश चढते. हीटर बंद असताना ते त्याच वेगाने उतरते.

थर्मोस्टॅटमधली द्विधातू पट्टी तापली की वाकते आणि विद्युतमंडल तोडते. थंड झाली की ते पुन्हा जोडते. जोडणे आणि तोडणे नेमके 20 अंशांवरच घडू लागले तर अत्यल्प चढउतारानेही संपर्कबिंदू सतत उघडझाप करतील आणि लवकर जळतील. यासाठी दोन मर्यादा ठेवतात: 19 अंशांवर हीटर चालू, 21 अंशांवर बंद. आपल्या खोलीत तो 12 मिनिटे चालेल, 12 मिनिटे बंद राहील.

बाहेर 5 अंशांपर्यंत गारठा वाढला तर काय होते, हे बारकाईने पाहावे. आता 20 अंशांवर खोली 1500 वॅट गमावते. चढायला 500 वॅटच उरतात, म्हणून दोन अंश चढायला सुमारे 24 मिनिटे लागतात. उतरायला 8 मिनिटे पुरतात. हीटर आता निम्म्याऐवजी पाऊण वेळ चालतो. बाहेरचे तापमान थर्मोस्टॅटने मोजलेले नाही, भिंतींची जाडीही त्याला ठाऊक नाही. तरी सरासरी शक्ती 1000 वॅटवरून 1500 वॅटवर आपोआप गेली. विचलनाचे कारण न कळताही त्याचे निवारण करता येणे, हे मला प्रत्याभरणाचे सर्वांत विलक्षण लक्षण वाटते.

याला मर्यादा दोन आहेत. पहिली शक्तीची. बाहेर 10 अंश असताना दार उघडे राहिले आणि ऱ्हास अंशामागे 200 वॅट झाला, तर 20 अंशांवरच हीटरची सगळी शक्ती खर्ची पडते. 21 अंश कधीच येत नाहीत. हा दोष कानाला कळतो: थर्मोस्टॅट बंद होतानाचा ‘टक्’ आवाज येईनासा होतो. अशा वेळी बटण 25 वर नेऊन काहीही साधत नाही, कारण हीटर आधीच पूर्ण शक्तीने चालू आहे.

दुसरी मर्यादा विलंबाची. तेल भरलेल्या हीटरचा विद्युतप्रवाह तुटला तरी तापलेले तेल खोलीला उष्णता देत राहते. तो चालू केल्यावर आधी तेल तापावे लागते. हा विलंब दोन्ही बाजूंना 3 मिनिटांचा धरला, तर बाहेर 10 अंश असताना तापमान 21 ओलांडून साडेएकवीसपर्यंत जाते आणि खाली साडेअठरापर्यंत घसरते. चालू-बंदच्या मर्यादा एकमेकींजवळ आणूनही हे दोलन पूर्ण थांबत नाही; त्या एकच केल्या तरी विलंबापोटीचा अर्धा अर्धा अंश उरतोच. तरीही खोलीत कोणाचे बिघडत नाही. खोली तासाच्या गतीने बदलते, आणि तिच्यापुढे 3 मिनिटे थोडी आहेत.

सायकलची प्रकृती याहून भिन्न आहे. खोलीला मोकळे सोडले तर ती बाहेरच्या तापमानावर जाऊन स्थिरावते. संथ चालणाऱ्या सायकलला मोकळे सोडले तर तिचा कल स्वतःच वाढत जातो. गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच धरला, तर हा कल साधारण पाव सेकंदात दुप्पट होतो. माणसाला कल जाणवून त्याचे हात हलायला लागणारा वेळही जवळपास तेवढाच असतो. खोलीच्या उदाहरणात नगण्य असलेला विलंब येथे मुख्य अडचण होतो. म्हणून स्वार केवळ किती कललो यावर विसंबत नाही. किती वेगाने कलतो आहोत हेही त्याच्या शरीराला जाणवते आणि हात त्यानुसार चालतात. कलण्याचा वेग ही पुढच्या क्षणाच्या कलाची पूर्वसूचना असते. नवशिक्या कल पुरता दिसेपर्यंत थांबतो, मग हँडल जास्त वळवतो, आणि सायकल नागमोडी जाऊ लागते.

ज्या बाजूला पडतो त्याच बाजूला हँडल वळवावे लागते. त्यामुळे चाके वळून गुरुत्वमध्याखाली येतात. किती वळवावे हे वेगावर ठरते. दोन चाकांतले अंतर एक मीटर असेल आणि वेग सेकंदाला 4 मीटर असेल, तर 2 अंशांचा कल सावरायला सव्वा अंशाहून किंचित अधिक वळण पुरते. वेग निम्मा झाला की तेच वळण चौपट, म्हणजे 5 अंशांच्या आसपास लागते. चढावर रेंगाळणाऱ्या सायकलस्वाराचे हँडल डावी-उजवीकडे हेलकावते ते याच कारणाने. त्यात त्याचे कौशल्य कमी पडलेले नसते.

कल सावरणे हे प्रत्याभरणाचे आतले चक्र झाले. त्याच्याबाहेर मार्ग राखण्याचे दुसरे चक्र आहे, आणि ते आतल्या चक्राकडूनच काम करून घेते. उजवीकडे वळायचे तर आधी उजवीकडे कलावे लागते. त्यासाठी क्षणभर हँडल डावीकडे जाते, चाके डावीकडे सरकतात आणि शरीर उजवीकडे कलते. म्हणजे मार्गाचे विचलन कमी होण्याआधी थोडे वाढते. अरुंद रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने जाणाऱ्याला म्हणूनच उजवीकडे येणे अवघड जाते: डावीकडे सरकायला जागाच नसते.

बाहेरच्या चक्रातला विलंब स्वाराला आपल्या नजरेने भरून काढता येतो. राजूरहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या वळणांच्या रस्त्यावर तोच सेकंदाला 4 मीटरचा वेग असलेला स्वार पुढच्या चाकासमोर एक मीटरवर पाहत असेल, तर दिसलेला खड्डा पाव सेकंदात चाकाखाली येतो; हात हलेपर्यंतच वेळ संपतो. नजर 8 मीटर पुढे असेल तर 2 सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात डावीकडचे सरकणे, कलणे आणि उजवीकडचे वळण हे तिन्ही टप्पे पुरे होतात.