विस्थापन पद्धत (भिंगाचे नाभीय अंतर)

वस्तू आणि पडदा जागेवर स्थिर ठेवून, मध्ये बहिर्वक्र भिंग सरकवत त्याचे नाभीय अंतर काढण्याची पद्धत. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल (१७८४–१८४६) यांच्या नावाने ती ओळखली जाते.

वस्तू व पडदा यांतील अंतर D हे नाभीय अंतराच्या चौपटीहून अधिक असेल, तर भिंगाच्या दोन स्थानी पडद्यावर स्पष्ट प्रतिमा उमटते. वस्तूजवळच्या स्थानी ती मोठी, पडद्याजवळच्या स्थानी लहान असते. दोन्ही उलट्या असतात. पहिल्या स्थानातील वस्तू-अंतर व प्रतिमा-अंतर यांची दुसऱ्या स्थानी अदलाबदल होते. या दोन स्थानांतील अंतर, म्हणजे विस्थापन d, मोजले की

f = (D² − d²) / 4D

समजा, D ९० सेंमी आहे आणि भिंग वस्तूपासून ३० व ६० सेंमी अंतरावर स्पष्ट प्रतिमा देते. मग d ३० सेंमी आणि f २० सेंमी येते. २ सेंमी उंचीच्या वस्तूच्या प्रतिमा ४ व १ सेंमी भरतात. त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ वस्तूच्या उंचीएवढे आले, तर दोन्ही स्थाने बरोबर साधली असे समजावे.

भिंगाचा प्रकाशीय मध्य नेमका कोठे आहे हे येथे पाहावे लागत नाही, कारण d साठी भिंगाचा स्टँड किती सरकला एवढेच वाचायचे असते. हाच या पद्धतीचा खरा लाभ. D मात्र काळजीपूर्वक मोजावे लागते. D चौपटीच्या फार जवळ असल्यास दोन्ही स्थाने जवळजवळ एक होतात आणि वेगळी ओळखता येत नाहीत. फार मोठे असल्यास लहान प्रतिमेची स्पष्टता ठरवणे अवघड जाते. अंतर्वक्र भिंग एकटे पडद्यावर प्रतिमा देत नसल्याने त्याला ही पद्धत लागू पडत नाही.